दोन शोरूम, आठ कर्मचारी आणि 4,800 कोटींचे अर्ज: एका एसएमई लिस्टिंगचं प्रकरण

ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीतल्या रिसोर्सफुल ऑटोमोबाइल या कंपनीने भांडवल बाजारात पाऊल टाकलं. कंपनीचा व्यवसाय यामाहाच्या दुचाकी विकण्याचा आणि त्यांच्या सर्व्हिसिंगचा. शोरूम दोन, दोन्ही दिल्लीत. पूर्णवेळ कर्मचारी आठ. आयपीओ 22 ऑगस्टला उघडला, 26 ऑगस्टला बंद झाला, आणि 29 ऑगस्टला शेअर बीएसईच्या एसएमई प्लॅटफॉर्मवर, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांसाठीच्या वेगळ्या फळीवर, नोंदला गेला. कंपनीला उभे करायचे होते 11.99 कोटी रुपये. अर्ज आले सुमारे 4,800 कोटींचे, म्हणजे मागितलेल्या रकमेच्या चारशे पटींहून जास्त.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर चर्चा झाली ती लोकांच्या हावरटपणाची. मला त्यात फारसा रस नाही. या प्रकरणातला खरा शिकण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. ‘बीएसईवर लिस्टेड कंपनी’ असं आपण जेव्हा वाचतो, तेव्हा कंपनीच्या आकाराबद्दल आपल्याला नेमकं काय कळलेलं असतं? मेनबोर्डवर, म्हणजे एक्स्चेंजच्या मुख्य फळीवर लिस्टेड आणि एसएमई प्लॅटफॉर्मवर लिस्टेड या दोन शिक्क्यांतून काय कळतं आणि काय कळत नाही? या कंपनीचे आकडे इतके लहान आणि सुटसुटीत आहेत की त्यांच्यावर हे सगळं हाताने मांडून पाहता येतं.

आकडे मांडून पाहू

इश्यूचा भाव होता 117 रुपये, शेअरचं दर्शनी मूल्य 10 रुपये. विक्रीला काढलेले शेअर 10,24,800. गुणाकार केला की 11.99 कोटी येतात. शेअर गठ्ठ्यानेच मिळत, त्याला लॉट म्हणतात; एक लॉट 1,200 शेअरचा, म्हणजे कमीत कमी 1,40,400 रुपये खात्यात अडकवल्याशिवाय अर्जच करता येत नव्हता. आता एकूण शेअरांना लॉटने भागा. उत्तर येतं 854. देशभरातून चार हजार आठशे कोटींचे अर्ज ज्यासाठी आले, तो माल एवढाच होता: 854 लॉट, आणि त्यातलेही थोडे मार्केट मेकरसाठी, म्हणजे पुढे बाजारात भाव लावून ठेवणाऱ्या ब्रोकरसाठी, राखून ठेवलेले. प्रत्येकाला एकच लॉट दिला तरी 854 पेक्षा जास्त माणसांना शेअर मिळणं शक्य नव्हतं. चारशे पट हा आकडा ऐकताना छाती दडपते, पण अपूर्णांकात छेद इतका लहान असला की भागाकार मोठा येणारच. सबस्क्रिप्शनचा पट कंपनीबद्दल फार थोडं सांगतो. माल किती कमी होता हे मात्र तो नक्की सांगतो.

पुढचं गणित कंपनीच्या एकूण आकाराचं. एवढ्या आकाराच्या कंपनीला आयपीओनंतरच्या एकूण शेअरांपैकी निदान पाव हिस्सा जनतेला विकावाच लागतो. 10.25 लाख शेअर हा जर निदान पाव हिस्सा असेल, तर इश्यूनंतर कंपनीचे एकूण शेअर 41 लाखांच्या वर जाऊच शकत नाहीत. 41 लाख शेअर गुणिले 117 रुपये म्हणजे सुमारे 48 कोटी. इश्यूच्या भावाने संपूर्ण कंपनीची किंमत जास्तीत जास्त एवढी. प्रॉस्पेक्टसचं, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाचं, एकही पान न उघडता, फक्त बातमीतल्या तीन आकड्यांवरून ही वरची मर्यादा काढता येते. माझ्या मते कोणत्याही आयपीओची बातमी वाचताना हे गणित सगळ्यात आधी करावं.

धंद्याच्या बाजूने पाहिलं तरी चित्र तेच. कंपनीची वार्षिक उलाढाल वीस कोटींच्या आसपासची. दुचाकीची सरासरी किंमत ढोबळमानाने सव्वा लाख धरली, तर वीस कोटी म्हणजे वर्षाला साधारण सोळाशे गाड्या, दिवसाला दोन्ही शोरूम मिळून चार-पाच. आणि डीलरच्या उलाढालीकडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी लागते. त्या वीस कोटींतला मोठा भाग गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे जातो. डीलरच्या हातात उरतं ते मार्जिन, सर्व्हिसिंगची कमाई, सुट्या भागांवरचा नफा. ब्रँड दुसऱ्याचा, मॉडेल दुसऱ्याची, किंमत दुसऱ्याने ठरवलेली. वीस कोटींची उलाढाल असलेला स्वतःचा माल बनवणारा कारखानदार आणि वीस कोटींची उलाढाल असलेला डीलर यांना एका तागडीत तोलता येत नाही.

यात कंपनीला कमी लेखण्याचा हेतू अजिबात नाही. दोन शोरूम चालवणारा उद्योजक बँकेच्या कर्जाऐवजी भागभांडवल उभं करून आणखी शोरूम काढू पाहतो, जुनं कर्ज फेडू पाहतो, यात काहीच वावगं नाही. 2012 पासून एसएमई प्लॅटफॉर्म सुरू झाले ते नेमके अशाच कंपन्यांसाठी. गोंधळ होतो तो ‘लिस्टेड’ या शब्दाच्या जोरावर वाचणारा जो आकार मनात धरतो त्याचा.

दार कोणतं, हे कशावरून ठरतं

बहुतेकांची समजूत अशी असते की छोट्या उलाढालीच्या कंपन्या एसएमईवर जातात आणि मोठ्या उलाढालीच्या मेनबोर्डवर. नियम तसा लिहिलेला नाही. सेबीचा नियम पाहतो ते इश्यूनंतरचं भरणा भांडवल, ज्याला बाजारात सगळे पेड-अप म्हणतात. शेअरची संख्या गुणिले दर्शनी मूल्य, बस. हे 10 कोटींपर्यंत असेल तर कंपनीसाठी एसएमई प्लॅटफॉर्म आहे. 10 ते 25 कोटींच्या दरम्यान असेल तर कंपनी एसएमईवर जाऊ शकते किंवा बाकीचे निकष पुरे होत असतील तर मेनबोर्डवर. 25 कोटींच्या वर असेल तर आयपीओ मेनबोर्डवरच.

पेड-अप हा आकाराचा फार कच्चा मापदंड आहे, आणि हेच या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण. आपल्या उदाहरणात एका शेअरमागे गुंतवणूकदाराने 117 रुपये दिले. त्यातले 10 रुपये पेड-अपमध्ये गेले आणि 107 रुपये प्रीमियम म्हणून राखीव निधीत. म्हणजे कंपनीकडे जवळजवळ 12 कोटी आले, पण पेड-अप वाढलं फक्त 1.02 कोटींनी. एकूण 41 लाख शेअरांची मर्यादा धरली तर कंपनीचं सगळं पेड-अप मिळून 4.1 कोटींच्या आतच राहतं.

आता शेजारी एमआरएफ ठेवू. टायर बनवणारी चेन्नईची ही कंपनी मेनबोर्डवरची, उलाढाल पंचवीस हजार कोटींच्या वर, त्या ऑगस्टमध्ये एका शेअरचा भाव एक लाखाच्या पुढे. तिचं पेड-अप किती? शेअर सुमारे 42.4 लाख, दर्शनी मूल्य 10 रुपये, म्हणजे 4.24 कोटी. दिल्लीतल्या दोन शोरूमच्या कंपनीचं पेड-अप आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या टायर कंपन्यांपैकी एकीचं पेड-अप जवळपास सारखं! केवळ या एका आकड्यावर दार ठरत असतं आणि एमआरएफ आज पहिल्यांदा बाजारात येत असती, तर तिच्यासाठी एसएमईचंच दार उघडं असतं. अर्थात तिला ती अडचण कधीच आली नसती, कारण राखीव निधीतून बोनस शेअर दिले की पेड-अप हवं तेवढं वाढतं. पाचास एक बोनस काय किंवा एकास पाच काय, कंपनीच्या तिजोरीत त्याने एक रुपयाही येत नाही की जात नाही, पण नियमाच्या दृष्टीने कंपनी ‘मोठी’ होते. ज्या कंपनीकडे राखीव निधी आहे ती बोनस देऊन 10 कोटींची रेघ ओलांडू शकते. ज्या कंपनीला 25 कोटींच्या आत राहायचं आहे ती शेअर कमी आणि प्रीमियम जास्त ठेवून आत राहू शकते. म्हणून आयपीओच्या आधीच्या वर्षा-दोन वर्षांत बोनस दिलेला दिसला, तर तो कशासाठी दिला हे प्रॉस्पेक्टसच्या भांडवल रचनेच्या प्रकरणात बघायला हवं. तिथे कंपनी स्थापन झाल्यापासून कोणत्या तारखेला किती शेअर, कोणत्या भावाने, कोणाला दिले याचा तक्ता असतो. मला प्रॉस्पेक्टसमधलं ते सगळ्यात बोलकं पान वाटतं. दहा रुपयांनी प्रवर्तकांच्या नातलगांना दिलेले शेअर आणि काही महिन्यांतच शंभराच्या पुढच्या भावाने जनतेला विकायला काढलेले शेअर एकाच तक्त्यात दिसले, की पुढचं वाचण्याची पद्धतच बदलते.

मेनबोर्डवर यायला मात्र पेड-अपशिवाय आणखी अटी आहेत आणि त्या खऱ्या धंद्याकडे पाहतात. नेहमीच्या मार्गाने यायचं तर गेल्या तीन वर्षांत सरासरी 15 कोटींचा परिचालन नफा लागतो, तोही तिन्ही वर्षांत नफा असून. तो नसेल तर दुसरा मार्ग आहे, पण त्यात इश्यूतला 75 टक्के हिस्सा मोठ्या संस्थांनी घेतला पाहिजे. शिवाय शेअर मिळालेल्या माणसांची संख्या निदान एक हजार असावी लागते. आपल्या उदाहरणात लॉटच 854 होते. त्या लॉटच्या आकाराने हजार जणांत वाटप करणं बेरजेतही बसत नव्हतं. एसएमईसाठी तेव्हा पन्नास जण पुरत होते.

म्हणून माझं वाचन असं. मेनबोर्डचा शिक्का आकाराबद्दल थोडंफार सांगतो, निदान अलीकडच्या आयपीओंच्या बाबतीत. 2012 च्या आधी, जुन्या नियमांखाली लिस्ट झालेल्या आणि आज जेमतेम धंदा उरलेल्या शेकडो कंपन्याही मेनबोर्डवरच आहेत, त्यांना हे लागू नाही. एसएमईचा शिक्का आकाराबद्दल त्याहून कमी सांगतो. त्या यादीत दोन शोरूमची कंपनीही असते आणि दोनशे कोटींची उलाढाल करणारी इंजिनिअरिंग कंपनीही. एसएमईचा शिक्का जे ठामपणे सांगतो ते म्हणजे ही कंपनी कोणाच्या तपासणीतून आली आणि पुढे किती वेळा हिशेब दाखवणार.

तपासणी कोणाची

मेनबोर्डचा आयपीओ असेल तर मसुदा सेबीकडे जातो, सेबी त्यावर शेरे काढते, इश्यूचं काम पाहणाऱ्या मर्चंट बँकरला उत्तरं द्यावी लागतात, मसुदा बदलतो. एसएमईत ही छाननी एक्स्चेंज करतं. सेबीकडे प्रत जाते, पण सेबी त्यावर शेरे देत नाही. ‘सेबीने मंजूर केलेला आयपीओ’ असं एसएमईच्या बाबतीत कोणी सांगत असेल, तर सांगणाऱ्याला विषय माहीत नाही किंवा त्याला ऐकणाऱ्याला माहीत नसण्याचा फायदा घ्यायचा आहे.

छाननी हलकी ठेवली त्याच्या बदल्यात नियमांनी दोन आधार दिले. पहिला, इश्यू शंभर टक्के अंडरराइट केलेला, म्हणजे न खपलेले शेअर स्वतः घ्यायची हमी दिलेला हवा आणि त्यातला निदान 15 टक्के भाग मर्चंट बँकरने स्वतःच्या अंगावर घ्यायला हवा. दुसरा, मार्केट मेकर. शेअर लिस्ट झाल्यावर तीन वर्षं एका ब्रोकरने खरेदी आणि विक्री दोन्हीचे भाव लावून ठेवायचे, म्हणजे विकू पाहणाऱ्याला निदान कोणीतरी समोर असेल. ही सोय का लागते ते पुन्हा 854 वरून कळतं. एसएमईवर व्यवहारही लॉटनेच होतात. तुमच्याकडचा एक लॉट विकायचा तर समोर एकरकमी लाख-दीड लाख घालणारा माणूस त्या दिवशी हवा. अख्ख्या देशात भागधारक काही शे असताना दिवसाला दोन-तीन सौदे होणं, किंवा एकही न होणं, हे नेहमीचं. चांगल्या बातमीच्या दिवशी भाव चढतो तेव्हा हे खुपत नाही. वाईट बातमीच्या दिवशी लोअर सर्किटवर, म्हणजे त्या दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेवर, फक्त विक्रेते उभे असतात आणि खरेदीच्या बाजूला शून्य दिसतं, तेव्हा गुंतवणूकदाराला कळतं की त्याने कंपनीचा आकार पाहिला होता, पण तिच्या शेअरच्या बाजाराचा आकार पाहिला नव्हता. हे दोन वेगळे आकार आहेत, आणि लहान गुंतवणूकदाराचं नुकसान जास्त करून दुसऱ्यामुळे होतं.

योगायोग असा की 28 ऑगस्टला, रिसोर्सफुलच्या लिस्टिंगच्या आदल्या दिवशी, सेबीने एसएमई कंपन्यांबद्दल गुंतवणूकदारांना सावध करणारं निवेदन काढलं. त्यात एक क्रम सांगितला होता: काही कंपन्या लिस्ट झाल्यावर धंद्याचं वास्तवाला सोडून चित्र रंगवतात, पाठोपाठ बोनस, स्प्लिट, प्रेफरन्शियल अलॉटमेंट जाहीर करतात, लोकांचा उत्साह वाढतो आणि प्रवर्तक चढ्या भावाने आपला माल विकून मोकळे होतात. निवेदनात कोणत्याही कंपनीचं नाव नव्हतं, आणि त्याचा संबंध या कंपनीशी जोडणं अन्यायाचं होईल. दुसऱ्या दिवशी शेअर उघडला तो 117 रुपयांनाच. ग्रे मार्केटमध्ये, म्हणजे लिस्टिंगआधीच्या अनधिकृत बाजारात, चढा प्रीमियम बोलला जात असताना, चारशे पट मागणी आलेला शेअर इश्यूच्याच भावाला उघडला. अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना कंपनी नको होती, पहिल्या दिवसाचा फरक हवा होता, असा माझा यावरून निष्कर्ष. खरी मागणी असती तर चुकलेल्या अर्जदारांपैकी काही जण तरी शेअर उघडतानाच बाजारातून चढ्या भावाने घ्यायला पुढे आले असते.

वर चढणाऱ्या कंपन्या

एसएमईवरची कंपनी लहानच राहते असंही नाही, आणि हे सांगितल्याशिवाय प्रकरण एकांगी होईल. दिल्लीचीच ई2ई नेटवर्क्स ही क्लाउड सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी 2018 मध्ये इमर्ज या एनएसईच्या एसएमई प्लॅटफॉर्मवर आली होती, 57 रुपये भावाने, सुमारे 22 कोटींचा इश्यू. 2022 मध्ये ती मेनबोर्डवर गेली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने तिच्यात मोठा हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. एसएमईवर येताना दोन्ही कंपन्यांचे इश्यू बारा आणि बावीस कोटींचे, म्हणजे एकाच वर्गातले. फरक होता तो धंदा किती पसरू शकतो यात. शोरूम वाढवायचं तर प्रत्येक वेळी नवी जागा, नवा साठा, उत्पादक कंपनीची नवी परवानगी लागते. शिक्का हा फरक दाखवत नाही.

मेनबोर्डवर जाण्यासाठी पेड-अप 10 कोटींच्या वर हवं आणि भागधारकांचा ठराव हवा, ज्यात प्रवर्तक सोडून इतरांची बाजूने पडलेली मतं विरोधातल्या मतांच्या निदान दुप्पट हवीत. त्यावर एक्स्चेंजचे स्वतःचे निकष असतात. एनएसईने 2025 मध्ये त्यात आदल्या वर्षी शंभर कोटींहून जास्त उलाढालीची अट घातली. मला ही सुधारणा महत्त्वाची वाटते, कारण इथे दार ठरवताना पेड-अपच्या जोडीला धंद्याचा आकार थेट मोजला गेला.

मार्च 2025 मध्ये सेबीने एसएमईत प्रवेशाचे नियमही आवळले. आता गेल्या तीनपैकी निदान दोन वर्षांत एक कोटीचा परिचालन नफा लागतो, प्रवर्तक आणि इतर जुन्या भागधारकांना इश्यूत स्वतःचे शेअर विकण्यावर एकूण इश्यूच्या 20 टक्क्यांची मर्यादा आली, वाटप निदान दोनशे जणांत व्हावं लागतं आणि अर्ज कमीत कमी दोन लॉटचा, दोन लाखांच्या वरचा करावा लागतो. शेवटच्या अटीमुळे पगारदार माणूस पहिल्या दिवसाच्या फरकासाठी सहज उडी घेणार नाही, असा विचार त्यामागे आहे.

तुमच्या हातातला शेअर कोणत्या फळीतला हे ओळखायला फार खटपट लागत नाही. बीएसईवर ग्रुपच्या जागी `M` किंवा `MT` दिसलं, एनएसईवर सीरिजच्या जागी `SM` किंवा `ST` दिसलं, की तो एसएमईचा. त्यानंतर बघायचा तो निकालांचा कॅलेंडर. मेनबोर्डची कंपनी दर तिमाहीला निकाल देते, एसएमईची सहामाहीला. 29 ऑगस्ट 2024 ला लिस्ट झालेल्या कंपनीचे सप्टेंबरअखेरचे आकडे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत येणार आणि त्यानंतरचे थेट मेअखेरपर्यंत. मधल्या साडेसहा महिन्यांत, म्हणजे दिवाळीनंतरचा मंदीचा काळ, वर्षअखेरीची सवलतीतली विक्री आणि गुढीपाडव्याच्या आधीची मागणी या सगळ्यात दोन शोरूमचं काय झालं, हे भागधारकाला कंपनीने आपणहून काही जाहीर केलं तरच कळणार.